बाबा कुठं बोलले, तेही टाका

वलगाव, दर्यापूर, अचलपूर, चांदूर बाजार, मूर्तिजापूर आणि अमरावती शहरातल्या सगळ्या व्हिडिओवाल्या भावांना, शाळेतल्या शिक्षकांना, मंडळाच्या पोरांना आणि रोज पहाटे पाच वाजता ग्रुपवर 'सुप्रभात' टाकणाऱ्या प्रत्येकाला ही विनंती आहे. वीस डिसेंबर जवळ आला आहे. त्या आठवड्यात आपल्या भागातल्या फोनांवर गाडगेबाबांचे जितके व्हिडिओ फिरतील तितके वर्षभरात फिरत नाहीत. तुमचा व्हिडिओ तयार असेल तर तो टाकायच्या आधी दहा मिनिटं थांबा आणि हे वाचा.

मी वलगावचा. लग्नाचं शूटिंग, बारसं, वास्तुशांती हा माझा धंदा, आणि गेली काही वर्षं स्टेटसचे व्हिडिओही करतो. त्यामुळं उपदेश करायला बसलो आहे असं समजू नका. ज्या चुकीबद्दल सांगतो आहे ती आधी मीच केली आहे.

मागच्या पुण्यतिथीला मी अठ्ठावन्न सेकंदांचा व्हिडिओ केला होता. पेढी नदीवर पहाटेचं धुकं, त्यातून दिसणारा पूल, खाली बासरी आणि त्यावर ठळक अक्षरात शिक्षणाबद्दलचं बाबांचं वाक्य. खाली 'संत गाडगेबाबा' एवढंच. वाक्य मी एका पोस्टमधून उचललं होतं आणि फोटोही तिथलाच होता. दुपारपर्यंत तो व्हिडिओ मलाच चार ग्रुपमधून परत आला, तेव्हा मोठं बरं वाटलं होतं.

संध्याकाळी आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी दुकानात आले. फोन डोळ्यापाशी धरून त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि विचारलं, "हे बावानं कोणाले सांगतलं?"

मी म्हटलं, "पोट्ट्यायले. शिका म्हणून."

"पोट्ट्यायले नाही. पोट्ट्यायच्या मायबापायले." मग चष्मा पुसत म्हणाले, "अन् हा फोटो बावाचा नाही. हा लागूंचा आहे."

खरंच तो 'देवकीनंदन गोपाला' या १९७७ च्या सिनेमातला फोटो होता. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या सिनेमात डॉ. श्रीराम लागूंनी बाबांचं काम केलं होतं. ज्या गावाच्या पुलावर बाबांनी प्राण सोडला त्या गावातल्या माणसानं बाबांच्या जागी नटाचा फोटो लावून अर्ध्या जिल्ह्यात फिरवला होता. पण फोटोची लाज एका दिवसात गेली. गुरुजींचं पहिलं वाक्य मात्र डोक्यातून जाईना, कारण त्याचा संबंध माझ्या घराशी होता. तो पुढं सांगतो.

आधी ते वाक्य मुळात कुठलं, ते बघू. बाबांचं शेवटचं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस वसाहतीत झालं. ते ध्वनिमुद्रित झालं, म्हणून आज आपल्याला बाबांचा आवाज ऐकता येतो. समोर बसलेले लोक होते पोलीस खात्यातले शिपाई, त्यांच्या बायका आणि पोरंबाळं. ठरलेल्या पगारात, लहानशा खोल्यांत संसार चालवणारे लोक. शिक्षणाचा विषय निघाला तेव्हा बाबांनी त्यांना सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की पैसे नसतील तर जेवायचं ताट मोडा आणि भाकर हातावर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्या, व्याह्याचा पाहुणचार आखडता घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका. हे माझ्या शब्दांतलं सार आहे. मूळ बोली वऱ्हाडी आहे आणि ती ध्वनिमुद्रणातच ऐकावी.

आता यातली एकेक गोष्ट पाहा. ताट, लुगडं, पाहुणचार हे तिन्ही घरखर्चातले आकडे आहेत. खर्च कोणाच्या हातात असतो? बापाच्या, आईच्या. म्हणजे काटकसर करायची ती मोठ्यांनी, आणि तीही स्वतःच्या वाट्यातली. पोरानं यात काहीच सोडायचं नाही, त्यानं फक्त शाळेत जायचं.

त्याला जोडूनच बाबा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण देतात. वाडवडील झाडूचं काम करणारे, पण वडिलांना सुबुद्धी सुचली, त्यांनी मुलाला शाळेत घातलं आणि त्या मुलानं देशाची घटना केली, असा त्या बोलण्याचा ओघ आहे. उदाहरणातसुद्धा शाळेत घालणारा बाप आहे, हे ध्यानात घ्या. बाबा समोरच्या शिपायाला म्हणत होते, की तू रामजी सुभेदारांसारखा हो. आणि हे ते कधी बोलत होते? नागपूरच्या धम्मदीक्षेला महिनाही झालेला नव्हता. या कीर्तनानंतर अठ्ठावीस दिवसांनी, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बेचाळीस दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना इथं पेढीच्या पुलावर बाबा गेले.

फिरणाऱ्या बहुतेक व्हिडिओंत यातलं काय उरतं? ताट मोडा आणि शिका, एवढंच. आंबेडकरांचं नाव कापलेलं असतं. कधी लांबीसाठी कापतात, कधी का कापतात ते तुम्ही-मी जाणतो. शिपाई कापलेला, बायको-व्याही कापलेले, वांद्रं कापलेलं. उरलेल्या वाक्याखाली जिममध्ये वाजतं तसलं ढोलाचं संगीत आणि व्यायाम करणारा एखादा परदेशी तरुण.

माझा भाचा अमरावतीत खोली करून राहतो आणि परीक्षेची तयारी करतो. पहाटे पाचला उठून अभ्यासिकेत जातो. मागच्या वर्षी त्यानं संध्याकाळचा डबा बंद केला होता. पैसे घरून येत होते, अडचण तशी नव्हती. का बंद केला म्हणून विचारलं तर त्यानं फोन पुढं केला. माझाच व्हिडिओ. "मामा, बावानंच तं म्हटलं, उपाशी राहा पण शिका." बाबा असं बोललेच नव्हते. बाबा त्याच्या बापाला म्हणाले होते, की तुझं ताट मोड. मी तोच उपदेश उलटा करून पोराच्या ताटावर नेऊन ठेवला होता. ज्या माणसानं जन्मभर भुकेल्याला आधी जेवू घातलं, त्याच्या नावावर मी एका पोराला एक वेळ उपाशी ठेवलं.

म्हणून संदर्भ हा विद्वानांचा शौक आहे असं आता मला वाटत नाही. वाक्य कोणाला उद्देशून आहे ते बदललं की उपदेशच बदलतो.

दुसरी गोष्ट नावाची. कोणाचं वचन कोणाच्या नावावर जातं, याची आपल्या भागात फारच गल्लत होते, कारण इथं संतांची वस्ती दाट आहे. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. त्यांच्याहून तेहतीस वर्षांनी लहान तुकडोजी महाराज यावलीचे, त्यांचा आश्रम मोझरीला. दोघंही आपलेच, दोघंही गावाच्या सफाईबद्दल, व्यसनाबद्दल, अंधश्रद्धेबद्दल बोलले. त्यामुळं तुकडोजींचं वचन गाडगेबाबांच्या फोटोवर सर्रास चिकटतं. मी तर गाडगेबाबांच्या फोटोखाली 'जय गुरुदेव' लिहिलेला व्हिडिओही पाहिला आहे. करणाऱ्याला आपण काय केलं याचा पत्ताही नसावा.

ओळखायचं कसं, तर एक साधी खूण सांगतो. तुकडोजी महाराज लिहिणारे होते. त्यांची भजनं आहेत, 'ग्रामगीता' हा ओवीबद्ध ग्रंथ आहे. तेव्हा ओळ यमकात बसत असेल, ओवीच्या चालीत म्हणता येत असेल, तर ती गाडगेबाबांची नसण्याचीच शक्यता जास्त. गाडगेबाबांना लिहिता येत नव्हतं आणि ते ओव्या-अभंग रचत नसत. त्यांचं कीर्तन म्हणजे बोलणं, साधं गद्य, आणि मध्ये आधाराला तुकोबांचे अभंग.

इथंच तिसरी गल्लत होते. कीर्तनात बाबांनी म्हटलेला तुकोबांचा अभंग 'गाडगेबाबांचा विचार' म्हणून फिरतो. अभंगाच्या शेवटी तुकोबांनी स्वतःच नाव घातलेलं असतं, 'तुका म्हणे' म्हणून. व्हिडिओवाला पहिल्या दोन ओळी घेतो, शेवटची सोडतो, आणि नाव तिथंच गळतं. विचार करा, ज्या काळी छापखाना नव्हता त्या काळी आपल्या संतांनी ही सोय करून ठेवली होती. रचना तोंडातोंडी कुठंही गेली तरी कर्त्याचं नाव तिच्या पोटात शिवलेलं. नामदेवांचं आहे, जनाबाईंचं आहे, चोखोबांचं आहे, तुकडोजींच्या भजनांतही आहे. नाममुद्रा म्हणतात तिला.

गाडगेबाबांना मात्र नाममुद्रा नाही. त्यांनी लिहिलंच नाही तर घालणार कुठं? त्यांचं जे काही आपल्यापाशी आहे ते कोणीतरी ऐकलेलं, कोणीतरी उतरवलेलं आहे. म्हणून त्यांची मुद्रा आपणच लावायची आहे, आणि ती नुसत्या नावाची पुरत नाही. कुठं, कधी, कोणापुढं बोलले आणि ते आपल्यापर्यंत कोणी आणलं, हे चार तुकडे मिळून ती होते.

मी आता व्हिडिओवर तीनपैकी एक शब्द लिहितो, आणि तुम्हीही लिहा असं म्हणतो. वांद्र्याच्या कीर्तनातला आवाज असेल तर 'ध्वनिमुद्रण'. चरित्रातून घेतलं असेल तर 'चरित्रातून', आणि चरित्रकाराचं नाव. प्रबोधनकार ठाकऱ्यांचं चरित्र १९५२ चं आहे, म्हणजे बाबा हयात असतानाचं. गो. नी. दांडेकर तरुणपणी बाबांच्या सहवासात राहिलेले होते, त्यांनीही लिहिलं आहे. अशा पुस्तकातलं बाबांचं बोलणं लेखकाच्या लेखणीतून आलेलं असतं, तेवढं प्रेक्षकाला कळलं पाहिजे. आणि तिसरा शब्द 'सार', म्हणजे विचार बाबांचा पण शब्द आमचे. सार लिहिताना अवतरणचिन्हं लावायची नाहीत. हे दोन उलटे-सुलटे स्वल्पविराम दिसायला बारीक असतात, पण ते लावले की तुम्ही साक्ष देता की हे शब्द त्या माणसाच्या तोंडचे आहेत.

दशसूत्रीचं काय, हा प्रश्न मला दोन शिक्षकांनी विचारला. शाळेच्या भिंतीवर जी दहा कलमं रंगवलेली असतात, भुकेल्याला अन्न वगैरे, ती बाबांची शिकवणच आहे आणि बाबांनी ती आयुष्यभर करून दाखवली. पण फलकावरची भाषा लेखी आहे. वांद्र्याचं कीर्तन एकदा ऐका आणि मग फलक वाचा, बोलण्याचा आणि लिहिण्याचा फरक लगेच कानाला लागतो. म्हणून 'बाबांचा दशसूत्री संदेश' असं लिहा. 'बाबा म्हणाले' असं लिहून त्यावर तिसऱ्याच माणसाचा खर्जातला आवाज लावू नका.

आता आवाजाबद्दल, कारण हा माझ्या धंद्याचा भाग आहे. जुनं ध्वनिमुद्रण हातात आलं की आपण पहिलं काम करतो ते 'नॉइज' काढायचं. या कीर्तनात तसं करू नका. बाबांची पद्धत प्रश्न विचारायची होती. ते विचारत आणि समोरची माणसं एकदम उत्तर देत. सफाईच्या बटणाला ते समुदायाचं उत्तर आणि टेपची खरखर यातला फरक कळत नाही, ते दोन्ही धुऊन काढतं. मग बाबांचा प्रश्न एकटा उरतो आणि विधान वाटायला लागतो. समजा बाबांनी विचारलं, की देव अमुक ठिकाणी आहे का, आणि लोक म्हणाले 'नाही'. तुमच्या सफाईत ते 'नाही' गेलं तर काय ऐकू येईल? मी हे एकदा करून बसलो होतो, नशिबानं टाकायच्या आधी ऐकलं. खरखर राहू द्या. ती सत्तर वर्षांपूर्वीच्या संध्याकाळची आहे. बासरी लावायचीच असेल तर नावाच्या पाटीखाली लावा, बाबांच्या आवाजाखाली नको.

मी शिक्षणावरचा तोच व्हिडिओ यंदा परत केला आहे. कसा केला ते सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. लांबी पंच्याहत्तर सेकंद. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बसतात, त्यामुळं जास्त हाव धरायची नाही. पहिली आठ सेकंद काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, 'वांद्रे पोलीस वसाहत, मुंबई. ८ नोव्हेंबर १९५६. बाबा पोलिसांच्या कुटुंबांशी बोलत आहेत.' मग आवाज. वाक्य जिथं सुरू होतं तिथून नाही, तर त्याच्या आधीच्या वाक्यापासून घेतला, आणि आंबेडकरांचं उदाहरण पूर्ण होईपर्यंत थांबलो. ही चाळीसेक सेकंदं. खाली बोली जशीच्या तशी उतरवली. 'मुलाले'चं 'मुलाला' केलं नाही. वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला एखादा शब्द अडेल म्हणून तेवढ्याचाच अर्थ शेजारी बारीक अक्षरात दिला. शेवटी एकच ओळ माझी, 'हे आईवडिलांना सांगितलं आहे', आणि त्यावर 'सार' असा शब्द.

चित्र कोणतं लावायचं यावर बराच वेळ गेला. पेढीच्या पुलाचा मोह सुटत नाही, आमच्या गावचाच तो. पण पूल आणि शेवटचं कीर्तन एकत्र लावलं की पाहणारा समजतो बाबा हे पुलावर बोलले, आणि मग कोणीतरी 'बाबांचे अखेरचे शब्द' असं शीर्षक देतोच. कीर्तन मुंबईत, मृत्यू वलगावात, मध्ये बेचाळीस दिवस. शेवटी आवाजावर बाबांचं खरं छायाचित्र ठेवलं आणि पूल अखेरच्या पाटीवर घेतला. कोपऱ्यात लिहिलं 'पेढी नदीवरचा पूल, वलगाव, आजचं चित्र'. सिनेमातला तुकडा घेतला नाही. तो नटाचा आवाज आहे, आणि १९७७ च्या सिनेमाचा हक्क साठ वर्षांचा, म्हणजे २०३७ पर्यंत तो निर्मात्याकडं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संदर्भाची पट्टी शेवटी ठेवू नका. मी आधी शेवटीच ठेवत होतो. लोक व्हिडिओ स्टेटसला लावतात तेव्हा लांब व्हिडिओचे तुकडे होतात, आणि संदर्भाचा शेवटचा तुकडा कोणी लावत नाही. खाली वेगळा मजकूर लिहिला असेल तर व्हिडिओ पुढं पाठवताना तोही मागं राहू शकतो. म्हणून ठिकाण आणि तारीख मी आता चित्रातच, वरच्या बाजूला, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत ठेवतो. वर का, तर खालच्या भागावर फोनची बटणं आणि नाव येतात, अक्षरं झाकली जातात. अक्षर एवढं मोठं ठेवा की माझ्या गुरुजींना चष्मा पुसावा लागू नये.

पहाटेच्या व्हिडिओत एवढा पसारा कोण वाचणार, असं दोन-तीन जणांनी मला तोंडावर म्हटलं. वाचू नका हो. पण 'वांद्रे पोलीस वसाहत' हे शब्द दिसले, की निदान पोलीस खात्यातला एखादा बाप थांबतो. माझ्याकडं तसा एक जण आला होता, ते कीर्तन पूर्ण पाहिजे म्हणून.

आता ज्या कामासाठी मी मुख्यतः हे लिहितो आहे ते सांगतो. व्हिडिओ आज नाही सुधारला तर उद्या सुधारता येईल. हे काम उद्यावर टाकता येणार नाही.

बाबांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसं अजून आपल्या गावांत आहेत. १९५६ मध्ये जो दहा वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या घरात आहे. दर हिवाळ्यात यातले काही जण जातात. वांद्र्याच्या एका कीर्तनाचा आवाज आपल्याकडं आहे, पण बाबा तर पन्नासेक वर्षं गावोगाव फिरले. १९०५ साली घर सोडलं ते अखेरपर्यंत. सकाळी गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं हा त्यांचा क्रम. दापुरे, ऋणमोचन, मूर्तिजापूर आणि आपली ही सगळी गावं. त्या रात्रींमध्ये जे बोललं गेलं त्यातलं बरंचसं आता फक्त या म्हाताऱ्या माणसांच्या कानात आहे.

आमच्या शेजारच्या गल्लीत एक आजी आहेत. लहानपणी वडिलांच्या बैलगाडीतून त्या पौषातल्या रविवारी ऋणमोचनच्या यात्रेला जायच्या. पूर्णेच्या काठावर बाबांना त्यांनी पाहिलं आहे. मी फोन घेऊन गेलो आणि विचारलं, बाबा काय सांगायचे?

त्या हसल्या. "बावा सांगत नोता रे बाप्पा. बावा इचारत होता."

मग त्यांनी हात वर करून दाखवलं, बाबा कसे विचारायचे आणि बाया-माणसं कशी एका सुरात उत्तर द्यायची. ते करताना त्यांचा आवाजच बदलला. प्रवचन त्यांना एकही सलग आठवत नव्हतं. आठवत होतं ते हे, की एका चांगल्या कपड्यातल्या माणसानं पाया पडायला वाकताच बाबांनी त्याच्या हातात खराटा दिला आणि तो माणूस गोंधळून इकडंतिकडं पाहत राहिला. आणि अंध-पांगळ्यांची पंगत. "आमी मागं जेवलो. पयले ते जेवले," असं त्या म्हणाल्या.

या चार वाक्यांत मला माझ्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त बाबा दिसले. आणि हे चौथ्यांदा विचारल्यावर निघालं. पहिल्या तीन वेळा त्या टीव्हीवर ऐकलेलंच सांगत होत्या.

तर विनंती अशी आहे. आपल्या घरातल्या, गल्लीतल्या अशा माणसापाशी येत्या पंधरा दिवसांत एकदा बसा. पंखा बंद करा, फोन हातभर अंतरावर उशीवर ठेवा, टेबलावर नको, टेबल घुमतं. सुरुवातीला तुमच्याच आवाजात तारीख, गाव आणि समोरच्यांचं वय बोला. नाव सांगायचं की नाही ते त्यांना विचारा. 'बाबा शिक्षणाबद्दल काय म्हणाले' असं विचारू नका, तसं विचारलं की शाळेच्या भिंतीवरचं उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, की कीर्तन कुठं होतं, कोणासोबत गेला होता, बसायला काय होतं, थंडी होती का, उजेड कशाचा होता. जागा उभी राहिली की बोलणं आपोआप येतं. मध्ये गप्प राहिले तर गप्प राहू द्या. आणि प्रत्येक गोष्टीला एवढंच विचारा, की हे तुम्ही स्वतः पाहिलं का कोणाकडून ऐकलं? दोन्हीला किंमत आहे, पण दोन्ही वेगळी आहेत.

झालेलं ध्वनिमुद्रण कापू नका. व्हिडिओसाठी तुकडा घ्यायचा तर प्रत काढून घ्या, मूळ तसंच ठेवा. फाइलला गाव आणि तारखेचं नाव द्या, आणि एक प्रत फोनबाहेर कुठंतरी ठेवा. फोन पाण्यात पडतो, मग सगळं जातं. माझं गेलं आहे.

निर्वाणभूमीवर पुण्यतिथीला यायचं असेल तर येताना ती प्रत पेनड्राइव्हमध्ये घेऊन या. माझं दुकान बसस्टॉपपासून जवळच आहे, कोणालाही विचारा. संगणक आहे, ऐकायला हेडफोन आहेत, गुरुजी दोन दिवस दुपारी बसणार आहेत. काहीही पैसे नाहीत. ज्यांना स्वतःला जमत नाही त्यांनी नुसतं सांगा की आमच्या घरी असे कोणी आहेत, मी गाडी काढून येतो.

आजींकडं मी परत जाणार आहे. त्या दिवशी बोलता बोलता त्या म्हणाल्या होत्या, की बाबांनी एकदा त्यांच्या वडिलांना गाडीपाशी येऊन काहीतरी विचारलं होतं, आणि वडील रात्रभर झोपले नव्हते. काय विचारलं, ते सांगायच्या आधीच त्यांना धाप लागली. सून म्हणाली, "आता पुरे करा भाऊ, उद्या या." उद्याचे आता सहा दिवस झाले, लग्नाच्या तारखा होत्या. उद्या सकाळी जातो.